अर्ध्यानंतरचं पाऊण

वाढत्या अंगाचे कपडे दोन बोटं सैलच शिवावेत, हे ठिपकीच्या आईला कुणी शिकवलं नव्हतं. अर्ध्या गावातल्या मुलांचे गणवेश शिवून ते तिच्या हातालाच कळलं होतं. खाली दुमड जास्त ठेवायची, बाहीत टीप आतून मारायची, आणि पोर वाढलं की उसवायची. कापड तेच, पोर तेच, फक्त टीप सरकते. मग व्हायोलिनच्या बाईंनी जेव्हा सांगितलं, की ठिपकीला आता अर्ध्या मापाचं व्हायोलिन लहान पडतंय, बोटं तारेवर एकमेकींच्या मांडीवर बसल्यासारखी बसतायत, तिला पाऊण आणा, तेव्हा आईने ‘लहान पडतंय’ तेवढं ऐकलं आणि ‘पाऊण’ सोडून दिलं. घरात पूर्ण मापाचं व्हायोलिन असताना मधलं पाऊण कशाला?

ते व्हायोलिन कपाटावर होतं. काळ्या पेटीत, वर जुनी चादर पांघरून. ठिपकीच्या मावशीचं.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, नोकरी धड केली नाही, स्वयंपाकाच्या नावाने तर शंखच. पण संध्याकाळी खिडकीशी उभी राहून ती व्हायोलिन वाजवायला लागली, की आई शिलाई मशीनवरचा पाय काढून घ्यायची. मशीनचा खडखडाट मध्ये नको म्हणून. धाकटी म्हणायची, ताई, तुझं काम तुंबेल. आई म्हणायची, तुंबू दे. तिला सूर कळत नव्हते, पण सगळ्यात जाड तारेवर गज टेकला की पोटात काहीतरी सैल व्हायचं, एवढं कळायचं. शेवटी शेवटी, आजारपणात, धाकटीला गज पेलेनासा झाला. तिने पेटी ठिपकीच्या आईकडे सरकवली आणि म्हणाली, पोरीचा हात पुरला की दे तिला. ठिपकी तेव्हा सर्वात चिमुकलं व्हायोलिन हनुवटीखाली धरून मांजराच्या पिल्लासारखे आवाज काढत होती.

तेव्हापासून आई त्या हाताच्या वाटेवर डोळे लावून बसली होती. पाव मापाचं व्हायोलिन जाऊन अर्धं आलं, तेव्हा तिने कुणाला न सांगता शेजारणीला पेढे द्यावेत तशा आनंदाने दोन ब्लाउज फुकट शिवून दिले होते.

वाद्यांच्या दुकानात एक तक्ता लावलेला असायचा: मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत इतकं भरलं तर हे माप, तितकं भरलं तर ते. पूर्ण मापासमोर साठ सेंटिमीटर लिहिलेलं आईला पाठ होतं. तिने ठिपकीला दिव्याखाली उभं केलं, डावा हात आडवा करायला लावला आणि गळ्यातली टेप काढली. बासष्ट भरले. तिने पुन्हा मोजलं. बासष्टच. टेप चालवण्यात तिची चूक काढणारा अजून जन्माला यायचा होता.

“वाढली की गं माझी बाई,” ती म्हणाली, आणि स्टूल ओढलं.

ठिपकीच्या बाबांना यातलं काही कळत नव्हतं, म्हणून त्यांनी मत दिलं. बूट मोठा झाला तर पुढे कापूस कोंबतात, याला काय कोंबणार? आईने त्यांना भाजी निवडायला बसवलं.

दुकानातून नव्या तारा बसवून, खुंट्या नीट करून व्हायोलिन घरी आलं. आईने मशीन झाकलं. खिडकी उघडली. ठिपकीने ते भलं मोठं लाकूड खांद्यावर चढवलं, मान वाकडी केली आणि वाजवायला घेतलं.

मोकळी जाड तार वाजली, तेव्हा आईने डोळे मिटले. होता, तोच आवाज होता. पण मग ठिपकीने बोटं ठेवायला सुरुवात केली, आणि प्रत्येक सूर जरा जरा खाली घसरायला लागला, ओल्या दोरीवरचे कपडे लोंबावेत तसा. करंगळीचा सूर तर कुठे पोचायचाच नाही. आई म्हणाली, नवीन आहे, होईल सवय. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. आठवडाभर म्हणत राहिली. पूर्वी जेवायला हाक मारली तरी न थांबणारी पोर आता दोन ओळी वाजवून आपणच पेटी बंद करायची आणि मनगट चोळत बसायची. आईने विचारलं तर म्हणायची, दुखत नाहीये, नुसतं चोळतेय.

शिकवणीच्या दिवशी आई नेहमीसारखी बाहेरच्या व्हरांड्यात काजं करत बसली होती. आत वाजवणं थांबलं आणि बाईंनी दार उघडलं. जरा आत येता का, म्हणाल्या.

ठिपकीचा डावा खांदा कानाला लागला होता. दोन्ही हात कामात असताना बायका फोन धरतात, तसा.

“हिला कुणी सांगितलं पूर्ण वाजवायला?” बाईंनी विचारलं. आवाज चढा नव्हता, पण आईला चढाच वाटला.

आई म्हणाली, मोजून दिलंय. दुकानाच्या तक्त्यात साठ लिहिलंय, हिचे बासष्ट भरतात.

“बासष्ट? दाखवा बरं, कुठून मोजलंत?”

आईने टेप काढली. तिच्या गळ्यात ती असायचीच. ठिपकीच्या मानेमागचं हाड चाचपलं, तिथे टोक दाबलं, खांद्यावरून टेप तळहातापर्यंत नेली. शर्टाची लांब बाही घेतात तशी. वर्षानुवर्षं घेत आली तशी.

बाई हसू दाबत म्हणाल्या, “अहो, शर्ट पाठीवरून येतो. व्हायोलिन पाठीवर नसतं ना.”

त्यांनी टेपचं टोक उचलून मानेच्या कडेला आणून टेकवलं, जिथे व्हायोलिनचा खालचा काठ लागतो तिथे. छप्पन्न. मानेमागच्या त्या वितीएवढ्यासुद्धा नसलेल्या वाटेने सहा सेंटिमीटर खाल्ले होते. आईने ते दोनदा वाचलं. टेप तिचीच होती, त्यामुळे टेपला दोष देता येईना.

“आणि टेपचं सोडा,” बाई म्हणाल्या, “हे बघा.” त्यांनी मोठं व्हायोलिन ठिपकीच्या खांद्यावर ठेवलं आणि हात लांब करून वरचं शंखासारखं टोक धरायला सांगितलं. ठिपकीचा कोपर काठीसारखा ताठ झाला, तरी टोकाला बोटांची पेरंच लागली. मग बाईंनी कपाटातून एक पाऊण मापाचं काढलं. तेच टोक ठिपकीच्या तळहातात अलगद बसलं, बोटं त्याच्याभोवती वळली, आणि कोपर खाली सैल लोंबला. पोरीचा खांदा आपोआप कानापासून उतरला. आईला तो उतरताना दिसला. मग ठिपकीने करंगळी तारेवर टाकली. ओढली नाही, टाकली. सूर जिथे हवा तिथे लागला.

ठिपकी हसली. आठवड्यात पहिल्यांदा.

आईला हे सगळं दिसलं, पटलंही. तरी तिचा पाय तिथून निघेना. व्हायोलिन मोठं झालं तर थोडी दुमड घालता येईल असं कुठेच नव्हतं त्यात. ना उसवायला टीप, ना मुडपायला बाही. ती म्हणाली, “मग किती दिवस लागतील, ते सांगा. सहा महिने? वर्ष?”

“ते नाही सांगता येत. काही मुली एका सुट्टीत ताडमाड होतात, काही दोन दोन वर्षं जागच्या हलत नाहीत. कोपर असाच सैल राहून मोठं व्हायोलिन हातात बसलं आणि करंगळी अशीच पडली, की मीच सांगेन. दोन मापांच्या मध्ये असली, तर लहानावरच ठेवेन.” बाईंनी ठिपकीच्या बोटांकडे पाहिलं. “आणि खरं सांगू? काहींचा हात पूर्णापर्यंत जातच नाही. मोठेपणीही त्या थोडं लहान वाजवतात. त्यात कमीपणा काही नाही.”

धाकटी उंच होती. दारातून येताना वाकायची सवय लागलेली. ठिपकी मात्र आईवर गेली होती. तेच रुंद पंजे, तीच आखूड बोटं, सुईला चांगली.

“मला तो आवाज ऐकायचाय हो, बाई,” आई म्हणाली. “पोरीसाठी नाही. मला ऐकायचाय.”

ठिपकीने आईकडे पाहिलं आणि मग खाली. बाईंनी तिला पाणी पिऊन यायला पाठवलं.

ती गेल्यावर बाईंनी मावशीचं व्हायोलिन हातात घेतलं, तारांवरून अंगठा फिरवला. वाद्य चांगलं आहे, म्हणाल्या, पण बंद पेटीत राहून आवाज आखडलाय. रोज कुणी वाजवलं तर मोकळा होईल. त्यांच्याकडे एक दातांची डॉक्टर येते, लहानपणी शिकलेली, चाळिशीत पुन्हा सुरू केलेलं. दिवसभर लोकांच्या जबड्यात हात घालून संध्याकाळी इथे येते. तिचं स्वतःचं व्हायोलिन नाही. ठिपकीचा हात पुरेपर्यंत तिला द्याल का? सांभाळेल.

आई नाही म्हणाली. चटकन म्हणाली, ताटातला घास कुणी मागितल्यासारखी. कुणा परक्या बाईच्या हनुवटीखाली धाकटीचं व्हायोलिन, हे तिला ऐकवेना. तिने पेटी उचलली, बाईंनी दिलेलं पाऊण व्हायोलिन ठिपकीने उचललं, आणि दोघी घरी आल्या.

घरी ठिपकी पुन्हा जेवणाच्या हाकेला ओ देईना झाली. पाऊण व्हायोलिनचा आवाज बरा होता, स्वच्छ होता, पण जाड तारेवर पातळ. चहात पाणी जास्त पडावं तसा. आई मशीन चालवायची आणि मध्येच वर कपाटाकडे बघायची. चादर पुन्हा घातली होती. वाट बघायला तिची ना नव्हती. वाट तिने आधीही बघितली होती. पण आधी ती हाताची वाट होती, आणि आता हात येईलच असं कुणी म्हणत नव्हतं. न आला तर? मग पेटी तशीच राहील, आतला आवाज लाकडात आखडून जाईल, आणि एक दिवस ठिपकीच्या पोरी ती उघडून विचारतील, हे कुणाचं गं?

पुढच्या शिकवणीला ती दोन पेट्या घेऊन गेली. एक ठिपकीच्या हातात, एक स्वतःच्या. बाईंनी काही विचारलं नाही. आईने फक्त सांगितलं, की डॉक्टरीणबाईंना म्हणावं, हात धुऊन घ्या.

त्यानंतर ती ठिपकीला घेऊन शिकवणीला लवकर जाऊ लागली. ठिपकीच्या आधी डॉक्टरीणबाईंची वेळ असायची. व्हरांड्यात बसून आई एका कोटाची दुमड शिवत असे, आणि दाराआड जाड तारेवर गज टेके. पहिल्या दिवशी तिला वाटलं, नाही, हा तो नाही. धाकटी असं टेकवत नसे, ती आधी जरा थांबायची. दुसऱ्या खेपेलाही नाही वाटलं. मग एका संध्याकाळी एक लांब सूर निघाला, खालून वर, सगळं लाकूड जागं झाल्यासारखा, आणि आईची सुई कापडात अर्धी जाऊन थांबली.

सूर धाकटीचा होता. हात धाकटीचा नव्हता. दोन्ही एकदम ऐकू येत होतं, आणि दोन्हीतलं एकही नको म्हणवेना.

ठिपकी आपली पेटी छातीशी धरून शेजारी उभी होती. तिच्या शिकवणीची वेळ झाली होती.

“आई, दार वाजवू?”

“थांब गं,” आई म्हणाली. “वाजवू दे तिला.”