समीक्षाला विचार

सरप्राईज पार्टीत सगळ्यात अवघड काम फुग्यांचं नसतं, तोंडांचं असतं. महाडात मी आठ वर्षं वाढदिवसांची सजावट करते. चौतीस माणसांची तोंडं पंधरा दिवस बंद ठेवायची आणि एकाच क्षणी उघडायची, हे ज्याला जमलं त्याला सगळं जमलं. मला जमायचं. तेवढाच माझा माज होता, आणि तो कसा उतरला ते सांगते.

वाढदिवस उज्वलावहिनीचा, चाळिसावा. माझा भाऊ सुनील कतारमध्ये, दोहाला क्रेन चालवतो, चार वर्षांत घरी आला नव्हता. त्याला सुट्टी मिळाली तेव्हा त्याने वहिनीच्या आधी मला फोन केला. "समीक्षा, तिला कळता कामा नये. तिच्या वाढदिवसाला मी समोर उभा राहणार."

मी लगेच कामाला लागले. वहिनी पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीवर राहते, माझी भाची सेजल यंदा दहावीला. म्हणून ग्रुपचं नाव ठेवलं 'गणित भाग दोन', आणि फोटो लावला त्रिकोणाच्या आकृतीचा. कुणाच्या फोनवर मेसेज वाजला आणि वहिनीची नजर गेली, तरी तिला उघडून बघावंसं वाटणार नाही. लिहायची परवानगी फक्त मला ठेवली, नाहीतर कोणीतरी "केक कुठला?" असं विचारून मोकळं होतं. ज्याला काही विचारायचं असेल त्याने मला वेगळा मेसेज करायचा आणि वाचून झाला की पुसून टाकायचा. सेजलचा फोन मायलेकी दोघी वापरतात, म्हणून तिला ग्रुपमध्ये घेतलंच नाही. तिला निरोप शाळेतल्या मैत्रिणीकडून तोंडी जायचे.

आता थाप. थाप एकाच माणसाने मारायची, हा माझा पहिला नियम. दोघांनी मारली की तपशील जुळत नाहीत. मी वहिनीला सांगितलं की माझ्या मैत्रिणीच्या मुलीचा साखरपुडा आहे, शनिवारी पाच वाजता, महाडच्या हॉलवर. मदतीला या, चांगली साडी नेसून या. बाकी सगळ्यांना एकच वाक्य पाठ करायला दिलं. वहिनीने काहीही विचारलं तर म्हणायचं, "मला माहीत नाही, समीक्षाला विचार."

यादीत एक माणूस मुद्दाम घेतला नव्हता, वहिनीचा सख्खा भाऊ चांगूदादा. आंबेनळी घाटाच्या वाटेवर वरच्या वाडीत त्याचं घर. सोन्यासारखा माणूस, पण तोंडात तीळ भिजत नाही. माझ्या डोहाळजेवणाला आईने गुपचूप घेतलेली साडी त्याने मला रंगासकट सांगितली होती. अशा माणसांसाठीही आमच्या कामात रीत असते. त्यांना वगळायचं नाही, शेवटी सांगायचं. शनिवारी साडेचारला फोन करायचा, म्हणजे बोंब मारायला वेळच उरत नाही. तसं मी वहीत लिहूनही ठेवलं होतं.

सुनील गुरुवारी रात्री विमानात बसला आणि शुक्रवारी सकाळी माझ्या घरी पोहोचला. इथे खरी अडचण होती. तो रोज दुपारी वहिनीला व्हिडिओ कॉल करायचा. आता कॉल केला तर मागे माझी भिंत दिसणार, रस्त्यावरचा एसटीचा हॉर्न ऐकू जाणार. म्हणून त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, की साइट बदलली आहे, दोन दिवस नेटवर्क मिळणार नाही, मेसेज तेवढे करीन.

मेसेज मी लिहिले.

तो दमून झोपला होता. वहिनीचा मेसेज आला, "जेवलात का". वाचल्याच्या खुणा उमटल्या होत्या. उत्तर गेलं नसतं तर संशय आला असता. मी त्याच्या फोनवर लिहिलं, "हो, जेवलो. मी ठीक आहे. तू काळजी करू नकोस." शुद्ध मराठीत, पूर्णविरामासकट. माझा भाऊ जन्मात असं लिहीत नाही. तो इंग्रजी अक्षरांत अर्धी अर्धी मराठी लिहितो, नाहीतर सरळ बोलूनच पाठवतो. हे मला माहीत नव्हतं का? होतं. लक्षातच आलं नाही. संध्याकाळी आणखी एक लिहिला, शनिवारी सकाळी तिसरा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

आमच्याकडे मयताची बातमी फोनवर कोणी सांगत नाही. "जरा सिरीयस आहे, ये" म्हणतात. गाडी पाठवतात. वाटेत कोणी काही बोलत नाही, विचारलं तर दुसऱ्याकडे बोट दाखवतात. वहिनीचे वडील मुंबईत वारले तेव्हा तिला आणि चांगूदादाला असंच नेलं होतं. दारातली माणसं बघेपर्यंत तिला कळलं नव्हतं.

आता तिच्या बाजूने बघा. नवऱ्याचा आवाज दोन दिवस नाही. त्याच्या फोनवरून दुसरंच कोणीतरी लिहितंय. शेजारी रामजीकाकांना विचारलं तर ते नजर चुकवून म्हणतात, समीक्षाला विचार. पोरगी आई आत आली की बोलायची थांबते. आणि नणंद म्हणते, गनीभाई ड्रायव्हरची गाडी पाठवते, चांगली साडी नेसून या.

शनिवारी सकाळी अकराला तिचा फोन आला. मी फुग्यांची कमान बांधत होते.

"वन्सं, खरं सांगा. ह्यांचं काय बरंवाईट तर नाय ना झालं?"

"काहीतरीच काय वहिनी! कुठली साडी नेसताय ते सांगा."

ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

विषय बदलायचा, हाही माझाच नियम. सुनील समोर खुर्चीत बसून चहा पीत होता. त्याच्याकडे फोन दिला असता तर एका वाक्यात सगळं संपलं असतं. मला वाटलं, पंधरा दिवस सांभाळलंय, आता सहा तासांनी काय होतंय! मी हसले आणि सुनीलला म्हटलं, "बायको घाबरलीय तुझी. संध्याकाळी मार खाशील." तोही हसला.

तीनच्या सुमाराला चांगूदादाचे फोन यायला लागले. एक, दोन, चार. मला वाटलं, ह्याला कुठूनतरी वास लागला. आता उचलला तर हा वहिनीला सांगून बसणार. मी फोन उलटा ठेवला. त्याने मग रामजीकाकांना लावला. काका शब्दाला पक्के. ते म्हणाले, "मला काय ठाव नाय बाबा, समीक्षाला विचार. तू ये मात्र महाडला." म्हातारा आपल्या समजुतीने मदतच करत होता.

साडेचारला वहीत बघून मी चांगूदादाला फोन केला. वाजत राहिला, उचलला नाही. म्हटलं रुसला असेल. पाचच मिनिटांत गनीभाईचा मेसेज आला, "पहिला धडा". म्हणजे वहिनी गाडीत बसली. मग माझं बाकी कुठे लक्ष राहिलं नाही. बाहेरच्या चपला आत घेतल्या, मोटरसायकली हॉलच्या मागे लावल्या, पडदे ओढले. "दुसरा धडा", हायवे सोडला. "तिसरा धडा", गल्लीत आली. चौतीस माणसं श्वास धरून उभी होती.

दार उघडलं. वहिनी पांढरट फिक्या साडीत होती. सेजलने तिचा हात घट्ट धरला होता. सगळे ओरडले, आणि सुनील पुढे झाला.

ती हसली नाही. तिने आधी त्याच्या गालाला हात लावला, मग दोन्ही हात चाचपले, मग खाली बसली आणि असा काही हंबरडा फोडला की केकपाशी उभी असलेली पोरं मागे सरली. सुनील तिच्या शेजारी बसून नुसतं "अगं, अगं" करत होता.

"तुमच्या फोनवरनं कोण लिवत व्हता?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "मी, वहिनी."

तिने माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती डोळे पुसत हसायला लागली. "मला वाटलं, मी विधवा झाले गो. गाडीत बसताना मंगळसूत्राला हात लावून घेतला, म्हटलं शेवटचा." सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. मीही हसले. मग तिला एकदम आठवलं. "दुपारी दादाकडे रडले मी. म्हटलं, हे गेले बहुतेक, मला कोन सांगत नाय. लई घाबरला बिचारा. त्याला फोन लावा, सांगा हे हायत म्हणून."

आत गाणी लागली होती, म्हणून मी बाहेर जाऊन लावला. या वेळी उचलला.

आवाज अनोळखी होता, दवाखान्यातल्या कुणाचा तरी. "तुम्ही कोण त्यांच्या?" आंबेनळीच्या वळणावर खडी पसरलेली होती, दादाची मोटरसायकल घसरली, उभ्या टेम्पोवर गेली. पोलादपूरच्या दवाखान्यात आणलं तेव्हाच काही उरलं नव्हतं. त्या माणसाने मला हे सगळं आदराने सांगितलं, आणि शेवटी विचारलं, की कोणाकडे जायची इतकी घाई होती त्यांना, वाटेत एका टपरीवर पाणी प्यायले, तेव्हा रडत होते म्हणे.

मी खिडकीतून आत बघितलं. आत वहिनी सुनीलला केक भरवत होती. चार वर्षांनी. मी मेले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं, आणि खरंच वाटलं. सांगायचं कुणी, आणि या फुग्यांखाली कसं? गनीभाई जवळ आले, माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं. हळू आवाजात म्हणाले, "इथं नको ताई. आधी तिथं नेऊ. तिची माणसं जवळ असू देत."

मी 'गणित भाग दोन' उघडला. लिहिलं: चांगूदादा अपघातात गेला. वहिनीला सांगू नका. चेहरा नीट ठेवा. पोलादपूरला नेतोय. पाठवलं.

आत चौतीस फोन वाजले. माना खाली गेल्या आणि वर आल्या. कोणी केकची बशी खाली ठेवली. कोणी गाणी बंद केली. सुनीलने वाचलं आणि तो खिडकीकडे वळला. रामजीकाका मटकन खुर्चीत बसले.

वहिनीने एकेकाकडे बघितलं. सगळे गप्प, कोणी नजर देईना. दुपारी हीच गंमत तिने भोगली होती, आणि आता तिला ती ओळखता येत होती. तिचा चेहरा खुलला.

"चला वहिनी, गाडीत बसा," मी म्हटलं.

"आनखी काय ठेवलंय गो तुम्ही?" ती उठली. केकचा एक तुकडा तिने कागदात बांधून घेतला. "दादाकडेच ना? ओळखलं मी. त्याच्या तोंडून सांगायचं ठेवलंय ना काय तरी?"

"हो, दादाकडेच," मी म्हटलं.

ती सुनीलच्या आधी जाऊन गाडीत बसली, पुढच्या सीटवर, खिडकीपाशी. केसातला गजरा नीट केला आणि मला बोट दाखवून म्हणाली, "वन्सं, आता मी नाय हं घाबरणार."