झाकणाचा आकडा

डबा उलटा केल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी शेडमधल्या बायकांना पाच वर्षं सांगत आलोय. फौजेतून सुटल्यावर मी फरीदाबादला भंगार प्लास्टिकच्या शेडवर सुपरवायझर झालो. तिथं सगळा खेळ डब्याच्या बुडाशी असतो. बाणांचा त्रिकोण आणि त्यात एक आकडा. एक म्हणजे पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या. दोन म्हणजे शाम्पूच्या बाटल्या, तेलाचे कॅन. तीन दिसायला एकच्यासारखाच, पण एकच्या ढिगात एखादी जरी तीनची बाटली गेली तरी वितळवताना सगळा माल पिवळा पडतो, काळे ठिपके येतात. चार म्हणजे दुधाच्या पिशव्या. पाच म्हणजे गरम डाळ सोसणारे डबे. सहा म्हणजे आइस्क्रीमचे कप आणि काचेसारख्या दिसणाऱ्या ठिसूळ बरण्या. उरलंसुरलं सगळं सात.

बायका आकड्याला परीक्षेतले मार्क समजतात, मग मला ओरडावं लागतं. आकडा फक्त जात सांगतो, डबा चांगला की वाईट ते सांगत नाही. आत आधी काय भरलं होतं, तेही सांगत नाही. आणि झाकणाचा आकडा झाकणाचा असतो, डब्याचा नव्हे. हे शेवटचं वाक्य मी रोज सकाळी म्हणतो. लोक देवाचं नाव घेतात, मी हे.

माझ्या बायकोला, कांतालाही ते पाठ झालं होतं. नवा डबा घरात आला की ती तो माझ्या नाकासमोर उलटा धरायची. "बघा हो साहेब, पास का?" मी म्हणायचो, "पास," किंवा "यात फक्त सुया ठेव." माझी थट्टा करण्यात तिला भारी मजा वाटायची.

जानेवारीत ती गेली. सकाळी चहा ठेवला आणि ओट्याला टेकली, एवढंच. मी रडलो नाही. दहावं झालं, तेरावं झालं, लोक माझ्याकडे बघत राहिले. मी दगडासारखा बसून होतो. त्यानंतर मला जेवणाची चव लागेनाशी झाली. मीठ कमी आहे का जास्त, काही कळायचं नाही. पोट भरायचं, संपलं.

फेब्रुवारीत राजवीरनं, माझ्या मुलानं, मला नव्या सोसायटीतल्या त्याच्या फ्लॅटवर नेलं. आठवा मजला, लिफ्ट, समोर अजून चार टॉवर अर्धवट उभे. राजवीर पहाटे मानेसरच्या कंपनीच्या बसनं जातो, संध्याकाळी तोंड दाखवतो. घरात सून माधवी आणि सहा वर्षांची सोनम.

जुनं घर आवरताना कांतानं डिसेंबरात घातलेलं लिंबाचं लोणचं निघालं. सालीसकट फोडी, वर मोहरीचं तेल. ते चिनी मातीच्या मोठ्या बरणीत होतं. टेम्पोवाला म्हणाला, बाबूजी, ये तो टूटेगी. मी शेल्फवरची मुखवासाची रिकामी बरणी घेतली. स्वच्छ, पारदर्शक, झाकण घट्ट. लोणचं त्यात भरलं आणि मातीची बरणी शेजारच्या अरुणाताईंना देऊन टाकली. त्या दिवशी मी जे काही केलं ते हातांनी केलं, डोकं तिथं नव्हतं.

फ्लॅटवर मी ती बरणी वरच्या कपाटात ठेवायला लावली. माधवीला सांगितलं, एवढ्यात काढू नको. कारण सांगितलं नाही. कारण असं होतं, की चव परत आली की पहिला घास त्या लोणच्याचा घ्यायचा, असं मी मनात ठरवलं होतं. कांताच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

जूनमध्ये सोनम तापानं पडली. ताप उतरला, पण तोंड कडू. काही खाईना.

"मुझे आजीवालं लोणचं हवंय," ती म्हणाली.

माधवी माझ्याकडे बघायला लागली. "बाबा, काढू का? थोडंसंच. बाकी तुमच्यासाठी ठेवते."

आजारी पोरीपुढं नाही कसं म्हणणार? "काढ," मी म्हणालो.

माधवीनं बरणी टेबलावर ठेवली. मी बघितलं आणि म्हणालो, "थांब."

बरणी आतून पांढुरकी झाली होती. तेल जिथपर्यंत होतं तिथपर्यंत बारीक बारीक चिरा, जळमटासारख्या. झाकण फिरवलं. सहज निघालं, कुठं काही बिघडलेलं नाही. झाकणावर त्रिकोण, त्रिकोणात पाच. तेव्हा सगळं आठवलं. त्या दिवशी मी आकडा बघितला होता. पाच बघितला, पास म्हटलं, आणि भरली. बरणी उलटी केलीच नाही.

मग बरणी डोक्याच्या वर उचलून खालून बघितली. सहा.

"काय झालं बाबा?"

"ही बरणी सहा नंबर आहे. तेल याला फोडतं. लिंबाच्या सालीतलं तेल तर याला विरघळवतं." मी शेडमध्ये बोलतो तसंच बोललो. "आत बोट लावून बघ, चिकट लागेल. हे प्लास्टिक लोणच्यात उतरलंय."

माधवीनं बरणीत डोकावून बघितलं. मग हळूच म्हणाली, "कडेचं टाकूया ना. मधलं चांगलं असेल. आईंचं आहे बाबा."

आईंचं आहे, हे मला सांगायची गरज होती का? मला तिचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग काहीच आलं नाही. एकच्या ढिगात तीनची एक बाटली सापडली की मी पूर्ण लॉट परत पाठवतो. मधला चांगला असेल, असं मी कुणालाच कधी म्हणू दिलेलं नाही.

"मधलं वगैरे काही नसतं," मी म्हणालो. "पोरीला द्यायचं नाही. सगळं जाईल."

"आजोबा, बरणी म्हणजे क्या होता है?" सोनमनं आतून विचारलं. तिला डबा माहीत, बरणी नाही.

"ज्यात तुझी आजी लोणचं ठेवायची ते," मी म्हणालो.

बरणी घेऊन मी सिंकपाशी गेलो. माधवी पोरीकडे गेली होती. चमच्यानं लोणचं पिशवीत काढायला लागलो. निम्मं झाल्यावर हात थांबला. लोकांना जे करू देत नाही तेच केलं. मधली एक फोड उचलली आणि तोंडात टाकली.

आधी मीठ लागलं. मग लिंबू. मग हिंग, कांता नेहमी जरा जास्तच घालायची तेवढा. आणि सगळ्यात शेवटी, जिभेच्या मागं, तो वास. शेडमधला. मशीन तापल्यावर येतो तो.

मी फोड थुंकून टाकली. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला कशाची तरी चव कळली होती, आणि ती मी बिघडवलेली होती. नळ सोडला, म्हणजे आत आवाज जाणार नाही, आणि मी रडलो. तेराव्यालाही रडलो नव्हतो तसा.

मग बरणी धुतली. तिचा चिकटपणा गेला नाही. दुसऱ्या दिवशी ती शेडवर नेली, सहाच्या टोपलीत टाकली. टण्ण वाजली, सहा नंबर वाजतो तशी. झाकण वेगळं काढून पाचमध्ये टाकलं. बायका कामाला लागायच्या होत्या, माझ्याकडे बघत उभ्या होत्या.

"बोला साहेब," एक जण म्हणाली. झाकणाच्या आकड्याचं रोजचं वाक्य ऐकायला त्या थांबल्या होत्या.

मी ढिगातला एक डबा उचलला आणि त्यांच्यासमोर नुसता उलटा धरला.