तीन नावांचं फाटक

बेबी कामावरून आली तेव्हा फाटकावर कागद चिकटवलेला होता. नवं लोखंडी फाटक बसून आठवडाही झाला नव्हता. दोन आडव्या पाइपांच्या मधे पाटीसाठी एक चौकट रिकामी ठेवली होती, आणि तिथे चारही कोपऱ्यांना टेप लावून हा कागद. पाटी कशी दिसेल ते आधी खऱ्या मापात कागदावर छापून फाटकावर लावून बघतात, हे तिला माहीत होतं. आपल्या नकळत लावतात, हे मात्र माहीत नव्हतं.

वर दादाचं नाव, आडनाव आणि त्याच्यापुढे ‘वकील’. अक्षरं अशी जाडजूड, की जेवून उठून ओट्यावर टेकलेली माणसं वाटावीत. त्याखाली त्याच अक्षरांत, पण निम्म्या उंचीत, वहिनीचं नाव. आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, केसाएवढ्या बारीक तिरप्या अक्षरांत बेबीचं नाव, पुढे ‘वरचा मजला’ आणि एक बाण.

ती रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेली आणि मागे वळून पाहिलं. दादा दिसत होता. वहिनीही दिसत होती. तिच्या नावाच्या जागी मात्र कागदाला सुरकुती पडल्यासारखं काहीतरी होतं.

बेबी चव्वेचाळीस वर्षांची होती. घरात सगळ्यात धाकटी म्हणून पडलेलं नाव तिला अजून चिकटून होतं. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या शिरा शोधायच्या आणि संध्याकाळी वरच्या मजल्यावर स्वतःपुरता स्वयंपाक करायचा, असं तिचं चाललेलं. आईवडिलांनी खालचा मजला दादाला आणि वरचा तिला दिला होता. अंगण आणि फाटक दोघांचं.

तिने खालची बेल दाबली आणि बोट काढलंच नाही.

“काय आग लागलीय का?” दादा बनियनवर बाहेर आला.

“फाटकावर काय लावलंयस?”

“पाटी. छान आहे ना अक्षर? भारदस्त.”

“तुझं भारदस्त. माझं काय मुंगीने लिहिलंय?”

“तुझंही घेतलंय की. घेतलं नसतं तर बोलली असतीस, घेतलं तरी बोलतेस.”

“आणि तो बाण कशाला? मी काय संडास आहे, इकडून जा म्हणून सांगायला?”

आतून वहिनीचा आवाज आला. “मुलं बसलीत इथे. जरा हळू.” वहिनी घरी रसायनशास्त्राच्या शिकवण्या घ्यायची. पुढच्या खोलीत आठ-दहा मुलं वह्यांवर डोकी खाली घालून सगळं ऐकत होती.

“वहिनी, तुम्ही पाहिलं होतं हे?” बेबीने दारातूनच विचारलं.

“मला काय विचारतेस? तुमचं बहीण-भावाचं आहे ते.” वहिनी दारापर्यंतसुद्धा आली नाही.

दुसऱ्या दिवशी बेबी सुट्टी टाकून पाट्यांच्या दुकानात गेली. दादा आधीच तिथे बसलेला होता. भिंतीवर नमुन्याची अक्षरं टांगली होती. पितळेची, लाकडात कोरलेली, पत्र्यातून आरपार कापलेली. मागच्या शेडमध्ये कापायचं मशीन सूं सूं करत होतं. दुकानाची मालकीण पडद्यावर दादाच्याच पाटीचं चित्र लावून बसली होती. गल्लीत सगळे तिला पाटीवाली म्हणत. गोड बोलण्याबद्दल ती प्रसिद्ध नव्हती.

“ही खालची ओळ होणार नाही,” तिने दोघांकडे न बघताच सांगितलं. “तुम्हाला आरपार कापून हवंय, मागे दिवा लावायचाय. बरोबर? मग हे बघा. ‘व’ घ्या, ‘म’ घ्या, ‘ब’ घ्या. रेषांच्या मधे एक बंदिस्त पोट असतं. सगळीकडून कापलं की ते पोट खाली गळून पडतं. म्हणून मधे पत्र्याचा एक टाका ठेवावा लागतो, पोट धरून ठेवायला. मोठ्या अक्षरात टाका चालतो. एवढ्याशा अक्षरात टाकाच अक्षराएवढा होतो. वाचता येणार नाही.”

“मागून काहीतरी चिकटवा,” दादा म्हणाला.

“अ‍ॅक्रिलिक लावून चिकटवते हवं तर. दोन उन्हाळ्यांत सुटेल, मग मला शिव्या घालायला याल.”

“मग काढून टाका ती ओळ.”

असं तो सहज म्हणाला, चहात साखर नको म्हणावं तसं. बेबी पडद्यापाशी पुढे सरकली.

“ओळ का काढायची? फाँट बदला. तिन्ही नावं एकाच अक्षरात, एकाच उंचीत घ्या.”

“तिघांची नावं ह्या जाड्या अक्षरात बसणार नाहीत,” पाटीवाली म्हणाली. “चौकट केवढी, ह्यांचं नाव केवढं लांब. रुंदीत बसवायला उंची कमी केली की पोटं बुजतात.” तिने पडद्यावर दुसरं काहीतरी लावलं. “हा बघा. सडपातळ आहे. रेष सगळीकडे सारख्याच जाडीची, अक्षर उंच आणि अरुंद. लांब नावही मावतं. टाके मुद्दाम घातल्यासारखे दिसतात.”

बेबीने पाहिलं. तिचं नाव दादाच्या नावाएवढ्याच उंचीचं होतं. अक्षरं सरळ, ताठ, कुणापुढे न वाकणारी.

“हा,” ती म्हणाली.

“हा? बसथांब्यावरची पाटी वाटते ही!” दादा उसळला. “माझ्याकडे अशील येतात. फाटकावरचं नाव बघून माणूस ठरवतो, आत जायचं की नाही.”

“तुझे अशील आंधळे आहेत का? बसथांबा वाचता येतो की त्यांना.”

“तुला नाव लावायची एवढी हौस असेल तर आत जिन्याच्या दारावर लाव. तिथे कोण अडवतंय?”

“फाटक अर्धं माझं आहे.”

“मग अर्ध्या फाटकावर उभी राहा!”

पाटीवालीने माउस आपटला. “ओ, भांडणं घरी करा. मागे माणसं लेझरवर काम करतायत. ऑर्डर कुणाची आहे?”

“माझी,” दादा म्हणाला. आणि खरंच त्याच्याच नावावर होती. बेबी बाहेर पडली. घरी पोहोचेपर्यंत तिच्या मनात भावाला ऐकवायची वीसेक वाक्यं जमली, आणि एकही कामाचं नव्हतं.

त्यानंतर वर-खाली बोलणं बंद झालं. बेबी जिन्यावरून मुद्दाम पाय आपटत उतरायची. दादा तिच्या गॅलरीखालीच गाडी लावून हॉर्न तपासायचा. वहिनी दोघांच्या मधे पडत नव्हती. उलट एकदा बेबी झाडांना पाणी घालत असताना खालून ऐकवून गेली, “काही लोकांना दुसऱ्याच्या पाटीवर बसायची सवय असते.”

पाटी आली ती सकाळी, दादा कोर्टात गेल्यावर. बसवणारा माणूस ड्रिल घेऊन फाटकाशी उभा राहिला आणि वहिनीने कागदाचं वेष्टण फाडलं. बेबी तेव्हाच कामावर जायला जिना उतरत होती. वहिनी हातातल्या चकचकीत पत्र्याकडे बघत तशीच उभी राहिलेली तिला दिसली.

पत्र्यावर एकच ओळ होती. दादाचं नाव, आडनाव आणि ‘वकील’. चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“दुसरी ओळ कुठाय?” वहिनीने त्या माणसाला विचारलं.

“मला एवढंच दिलंय, मॅडम.”

वहिनीने तिथूनच फोन लावला. दादाचा आवाज पलीकडून बेबीपर्यंत पोहोचत होता, कारण तो फोनवर कोर्टात बोलतो तसाच बोलायचा. “अगं, दुकानातली बाई म्हणाली, खालची ओळ कापण्याएवढी मोठी करायची तर वरची अक्षरं लहान करावी लागतील. त्याची शानच जाते. म्हटलं एकच ओळ करा. तुझं नाव आत दारावर लावू ना. सुरेखसं.”

“माझ्याकडे मुलं येतात शिकायला. त्यांचे आईबाप नाव शोधत येतात.”

“त्यांना घर माहीत आहे की.”

“मग तुझ्या अशिलांना माहीत नाही का?”

“अगं, फाँटचा प्रश्न आहे, तुझा नाही. समजून घे. मला आत बोलावतायत.” फोन बंद झाला.

बेबी हसली. हसायचं नव्हतं, पण पोटातून आलं ते थांबलं नाही, आणि त्यात दया नावालाही नव्हती.

“हसू नकोस,” वहिनी म्हणाली.

“मी कुठे हसले? जिन्याच्या दाराशी जागा आहे अजून. माझ्या शेजारी लावा.”

वहिनीचा चेहरा लाल झाला. दुसरी एखादी असती तर रडली असती. वहिनीने पत्रा परत कागदात गुंडाळला आणि त्या माणसाच्या हातात दिला. “घेऊन जा हे. इथे बसवायचं नाही.”

“साहेबांनी सांगितलंय—”

“साहेब इथे नाहीत. मी आहे.”

तो गेल्यावर वहिनी बेबीकडे वळली. लग्न होऊन आल्यापासून तिने बेबीकडे काही मागितलं नव्हतं, आणि आत्ताही ते मागणं वाटू नये अशाच आवाजात बोलली. “तो दुसरा फाँट कुठला होता?”

“नाव नाही माहीत. सडपातळ. दाखवला तर ओळखेन.”

“मग चल.”

“मला कामावर जायचंय.”

“उशिरा जा. एरवी दाणदाण पाय आपटायला वेळ असतो तुला.”

दुकानात दोघी शेजारी बसल्या, पण मधे एक खुर्ची सोडून. पाटीवालीने त्यांना पाहिलं आणि कपाळावर हात मारला. तो फाँट पुन्हा पडद्यावर आला. तीन नावं, तीन ओळी, एकच उंची. ‘वकील’ ठेवायचं की नाही यावर वाद झाला. वहिनी म्हणाली ठेवा, नाहीतर तो मला घरात राहू देणार नाही. मग बेबी म्हणाली, त्याचं ‘वकील’ राहणार असेल तर वहिनींचं ‘रसायनशास्त्र’ पण घ्या. तेवढं लांब मावेना, म्हणून ‘वकील’ही गेलं. मग क्रमावरून जुंपली.

“मी वर,” वहिनी म्हणाली.

“का? घर आमच्या आईवडिलांचं.”

“पाटी मी करतेय.”

“वर्णक्रमाने लावा,” पाटीवाली कंटाळून म्हणाली. वर्णक्रमाने दादा पहिला येत होता. दोघी एकदम “नको” म्हणाल्या. शेवटी वहिनी वर, मधे बेबी, खाली दादा असं ठरलं.

“शिरोरेषा सलग ठेवायला नको,” दोघी निघताना पाटीवाली स्वतःशीच पुटपुटली. “एवढी लांब चीर पडली तर पत्रा लवेल.” आणि दर अक्षराआड तिने रेषेत एकेक टाका घातला.

नमुन्याचे कागद वहिनीने तीन मागून घेतले. त्या संध्याकाळी दादाने पहिला फाडला.

“माझं नाव तळाला? माझ्याच घरात?”

वहिनी आतून टेप आणि कात्री घेऊन आली आणि तिने दुसरा लावला. तो त्याने फाडला नाही, फक्त बोळा करायला हात पुढे नेला आणि शिकवणीला आलेली मुलं फाटकाशी उभी आहेत हे बघून मागे घेतला. एका मुलीने वरचं नाव मोठ्याने वाचलं. “मॅडम, तुमचं नाव!” दादा गाडीत बसून निघून गेला.

बेबी समोरच्या फुटपाथवर उभी होती. तिन्ही ओळी तिथून स्वच्छ वाचता येत होत्या. वहिनी तिच्याजवळ आली आणि हातातली कात्री मिटत म्हणाली, “हे तुझ्यासाठी केलेलं नाही हं.”

“माहीत आहे.”

“नाहीतर उगाच गळ्यात पडशील.”

“तुमच्या? शक्यच नाही.”

खरी पाटी बसली त्या दिवशी दादा कोर्टातून मुद्दाम उशिरा आला. ती जाड अक्षरांची पाटी त्याने परस्पर आणून कोर्टाजवळच्या आपल्या ऑफिसच्या भिंतीवर ठोकली होती, आणि तिथे ती शोभतही असावी. घरी आल्यावर त्याने पाटीकडे न बघता फाटक उघडलं. वहिनीने त्याचं ताट झाकून ठेवलं आणि ती झोपायला निघून गेली. वर बेबीने दिवा मालवला. पाटीमागचा दिवा मात्र कुणी लावायचा हे ठरलंच नव्हतं, त्यामुळे तो कुणीच लावला नाही.