आठशेचं दार

वाशिमच्या ज्या गॅरेजात मी विम्याचे दावे बघते, तिथे गाडी ठोकून आलेला माणूस ट्रॅक्टरवाल्यावर चिडतो आणि ओरडतो मात्र माझ्यावर. त्याची मला सवय आहे. अनसिंगचे जगदेवकाका ओरडले नाहीत, आणि तेच मला जड गेलं.

भाजीमळ्याचा माणूस. त्यांच्या सहा वर्षांच्या कारचं ड्रायव्हरकडचं दार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला घासून पार चेपलं होतं. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने नवीन दार मंजूर केलं. गाडी न्यायला आले तेव्हा मी हिशोब सांगितला. बिल पस्तीस हजार. जुन्या गाडीच्या पत्र्यावर चाळीस टक्के घसारा, प्लास्टिकवर निम्मा, काचेवर नाही. असे दहा हजार दोनशे कापले. प्रत्येक दाव्यात मालकाने सोसायचे हजार, आणि जुन्या दाराची भंगारातली किंमत म्हणून आठशे. कंपनी तेवीस हजार थेट गॅरेजला देणार, काकांनी बारा हजार भरायचे. त्यांच्या हाती काही यायचं नाही. काकांनी मान हलवली आणि पैसे मोजून दिले.

मग विचारलं, "माह्यं जुनं दार कुठी हाय?"

गॅरेजचे मालक हरीओमशेठ म्हणाले, जुना पत्रा गॅरेजचाच असतो, भंगारवाला मागे भरतोच आहे. मी काकांना म्हटलं, ते चेपलेलं काय करता?

"धीरज गाडी चालवतांनी हातातलं कडं वाजवे त्याच्यावर. रंग गेला तिथला." मुलगा दिवाळीत काविळीने गेला, हेही त्यांनी मेथीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मला लाज वाटली. भंगाराचे असे पैसे मी रोज वजा दाखवते. ते कोणाच्या खिशातून जातात आणि भंगार कोणाकडे राहतं, हे कधी कोणी विचारत नाही, मीही नाही. मी हिशोबाचा कागद शेठपुढे ठेवला.

"शेठ, आठशे काकांनी भरले. दार काकांचं हाय."

शेठने माझ्याकडे असं पाहिलं, की या महिन्याचा पगार उशिरा होणार हे कळलं. पण कागदावर त्यांचाच शिक्का होता. त्यांनी तो माझ्याकडे परत सरकवला.

आम्ही मागे धावलो. दार गाड्यावर चढलं होतं, ते उतरवून घेतलं. खिडकीखाली रुपयाएवढी जागा उघडी पडली होती. काकांच्या मनगटात तेच कडं होतं. त्यांनी ते तिथे दोनदा आपटलं. चेपलेला पत्रा बद्द वाजला.

"असं नव्हतं वाजत," काका म्हणाले, आणि दार मांडीवर घेऊन तिथंच भंगारात बसले. इतके महिने आवरलेलं रडू मग आलं.