पाठीतून आलेली कळ

कळा आल्या म्हणून दोनदा रुग्णालयात जाऊन हात हलवत परत आल्यापासून नवरा तिला घाईबाई म्हणू लागला होता. तो बसचा ड्रायव्हर, थट्टेखोर माणूस. म्हणायचा लाडाने, पण तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

सासूबाईंनी तर सरळच विचारलं होतं, "एक पोर झालंय ना तुला? मग कळत कसं नाही गं?"

कळणार कसं? थोरल्याच्या वेळी तारीख उलटली म्हणून सलाईन लावून कळा आणल्या होत्या. त्या आपणहून सुरू होतात तेव्हा काय वाटतं, ते तिला कुठे ठाऊक होतं!

मोठी नणंद त्याच रुग्णालयात प्रसूती विभागात सिस्टर होती. मागच्या फेरीत तिनेच हिच्या पोटावर तळहात ठेवून समजावलं होतं. "या सरावाच्या कळा. पोट पुढून दगडासारखं होतं आणि सुटतं. कधी लगेच येतात, कधी तासाने, ताल म्हणून नाही. पाणी प्यावं, कुशीवर पडावं, नाहीतर थोडं चालावं, की विरून जातात. खरी कळ तुझं काहीएक ऐकणार नाही. नेमाने येईल, दर वेळी आणखी लवकर, आणखी जोरात, आणि थांबेलही जास्त वेळ."

"आणि मला ओळखता नाही आली तर, ताई?"

"तर फोन करायचा. पुन्हा परत पाठवू, त्यात लाज कसली?"

पण लाज वाटायचीच.

त्या दिवशी ती नेहमीसारखी दुकानात शिलाई मशीनवर बसली होती. जुने कपडे सैल-घट्ट करून देणारं छोटंसं दुकान, मालक मास्तर कापायच्या टेबलापाशी. सकाळपासून तिची कंबर धरली होती. तिने खुर्चीला दोष दिला, पाठीशी उशी घेतली. मग तांब्याभर पाणी प्यायली, आत जाऊन डाव्या कुशीवर पडली, उठून दारापर्यंत फेऱ्या मारल्या. दुखणं हटेना. पाठीतून निघून ते आता कमरेला वळसा घालून ओटीपोटात उतरत होतं. तरी मनात एकच, आज तिसऱ्यांदा हसं नको.

जेवणानंतर एक गिऱ्हाईक आलं. पोट सुटलेले गृहस्थ, पँट सैल करून हवी होती. ती टेप लावून म्हणाली, "दोन बोटं सोडता येतील, पण शिवणीत कापड..."

पुढचा शब्द फुटेना. तिने टेबलाची कड घट्ट धरली. कळ ओसरली तेव्हा ते गृहस्थ टेपसकट तसेच हात वर करून उभे होते आणि मास्तरांच्या हातातली कात्री अधांतरी थांबली होती.

"पोरी, मघाशीही तू अशीच बोलता बोलता थांबलीस," मास्तर म्हणाले. "त्याच्या आधीही."

ती कशीबशी बाथरूममध्ये गेली. कपड्याला रक्ताची छटा असलेला चिकट स्राव लागलेला दिसला. तिने तिथूनच नणंदेला फोन लावला.

"कळ कितीदा येतेय? बाळ हलतंय ना?" नणंदेने विचारलं.

"हलतंय. मोजल्या नाहीत, ताई. मला वाटलं पाठ..."

बोलणं तिथेच तुटलं. नणंद पलीकडून तिचा श्वास ऐकत होती. कळ गेल्यावर हिने सांगायला तोंड उघडलं, तोच दुसरी आली.

"निघ!" नणंद ओरडली. "आहेस तशी निघ. दुसरं बाळंतपण आहे, वेळ लागायचा नाही!"

मास्तरांनी दुकान त्या गिऱ्हाईकाच्या भरवशावर टाकलं आणि गाडी काढली. वाटेत तिची पाणमोट फुटली, सीट चिंब झाली. "पाणी स्वच्छ आहे का? हिरवट नाही ना?" फोनवरून नणंद विचारत होती. स्वच्छ होतं. मास्तरांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

नणंद दारातच व्हीलचेअर घेऊन उभी होती. तिने जवळच्या तपासणीच्या खोलीत नेऊन पाहिलं आणि इतक्या वर्षांची सिस्टर ओरडलीच.

"पिशवीचं तोंड पूर्ण उघडलंय. डोकं दिसतंय! डॉक्टरांना बोलवा!"

"खोटी कळ नाही ना ताई ही?" तिने विचारलं.

डॉक्टर हातमोजे चढवत पोहोचल्या, तोवर दोनदा जोर लावताच मुलगी नणंदेच्या हातात आली होती. आली ती खणखणीत रडतच.

नवऱ्याला फोन केला तर तो हसला. "पुन्हा?" मग त्याला रडणं ऐकू आलं आणि "आलोच!" म्हणत त्याने फोन ठेवला.

ती मुलीला छातीशी धरून पडली होती. दात वाजत होते, पाय थरथरत होते. डॉक्टर म्हणाल्या, बाळंतपणानंतर होतं असं, थांबेल. नणंदेने तिच्यावर दुसरं पांघरूण टाकलं. ती डोळे विस्फारून त्या ओल्या काळ्या जावळाकडे नुसती बघत राहिली. मघाशी आपण उभ्याने पँट मापत होतो, तेव्हाही ही निघालेलीच होती.