रोगवाढमुक्त

डॉक्टर बेंगोएचेआंचा शोधनिबंध छापून आला, तेव्हा त्यांनी सगळ्या मजल्याला केक वाटला. केक चांगला होता. निबंधाचं पहिलं वाक्य अकरा ओळींचं होतं.

रोसारिओच्या या कर्करोग संस्थेत माझं काम म्हणजे अशा निबंधाचं एका पानाचं पत्रक करणं. ते रुग्ण वाचतात आणि नवी गोळी घ्यायची की नाही ते ठरवतात. जो शब्द डॉक्टर उद्या त्यांच्या तोंडावर म्हणणार, तो मी ठेवतो आणि समजावतो. जो साध्या भाषेत पूर्ण सांगता येतो, तो काढतो. गोळीने तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात, याला निबंधात दीड ओळीचं नाव होतं. ते मी काढलं.

"काढलंत?" डॉक्टर ओरडले. "एवारिस्तो, त्या नावासाठी मी चार वर्षं शिकलो!"

"रुग्णाला चार वर्षं नाहीत, डॉक्टर."

प्रसिद्धी विभागाच्या नोएलिया बाई 'माते' या कडू चहाचा घोट घेत म्हणाल्या, "माझं ऐका, सगळंच काढा. 'किरकोळ त्रास' लिहा. आणि हे काय, 'रोगवाढमुक्त जीवनकाल'? आगगाडीएवढा शब्द! 'जीवनकाल वाढतो' म्हणा, झालं."

मला वाटलं, आता डॉक्टर भडकणार. त्यांना तर स्वल्पविरामसुद्धा सोडवत नव्हता. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते चालेल. जीवनकाल हा शब्द निबंधात आहेच."

म्हणजे सगळ्या निबंधातून त्यांनी एकच शब्द सोडला, तोही नेमका 'रोगवाढमुक्त'.

त्या शब्दाचा अर्थ असा. साध्या उपचारावरच्या निम्म्या रुग्णांचा आजार पाच महिन्यांच्या आत वाढला. गोळी घेणाऱ्यांत निम्म्यांचा आजार वाढायला साडेसात महिने लागले. आणि मरण दोन्ही गटांत सारख्याच सुमारास आलं. हे शेवटचं निबंधात नवव्या पानावर, तक्त्याखाली, बारीक अक्षरात होतं.

आमच्याकडे रिवाज आहे. छापण्याआधी मसुदा प्रतीक्षालयातल्या एखाद्या रुग्णाला वाचायला द्यायचा आणि विचारायचं, तुम्हाला काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा. त्या दिवशी रामोना किरोगा बाई आल्या. शिवणकाम करणाऱ्या, साठीच्या. नोएलियाबाईंचा मसुदा त्यांनी दोनदा वाचला.

"मी जास्त जगेन," त्या म्हणाल्या. "बरं झालं. नात पुढच्या मार्चमध्ये पंधराची होतेय. पंधराव्या वाढदिवसाच्या मोठ्या सोहळ्याचा झगा मीच शिवणार आहे."

नोएलिया बाई माझ्याकडे बघून हसल्या. "बघा! एका वाचनात कळलं."

"कळलं, पण खोटं कळलं," मी म्हणालो.

"अहो, थोडी आशा दिली तर तुमचं काय जातं?"

माझं काय गेलं ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गोळीचं पत्रक मी लिहिलं. हाच शब्द होता. पत्रकाच्या घडीवर जागा पुरेना, म्हणून मी 'रोगवाढमुक्त' काढून नुसतं 'जीवनकाल' ठेवलं. महिन्याभराने माझी बायको देल्मिरा आजारी पडली. पत्रक हातात धरून म्हणाली, "तूच लिहिलंयस ना? जगणं वाढतं ना?" मी हो म्हणालो. मलाही तेच हवं होतं. तिचे हात इतके सोलले की कप धरता येईना. शेवटचे चार महिने मी तिला चमच्याने भरवलं. तिने एकदाही पत्रकाचा विषय काढला नाही. मीही नाही.

रामोनाबाईंना मी दुसरं पान दिलं, मी लिहिलेलं. त्यात तो आगगाडीएवढा शब्द होता, कारण उद्या डॉक्टर तोच म्हणणार. खाली चार ओळींत त्याचा अर्थ होता, नवव्या पानावरची गोष्ट होती आणि हातांचंही होतं.

त्यांनी वाचलं.

"म्हणजे आजार थोडे दिवस गप्प बसेल. पण मी जाणार तेव्हाच जाणार."

"बहुतेक तसंच."

"आणि हात सोलतील."

"बऱ्याच जणांचे सोलतात."

त्या शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे वळल्या. "डॉक्टरसाहेब, हे तुम्हाला माहीत होतं?"

"बाई, ते निबंधात स्पष्ट आहे," डॉक्टर म्हणाले. "नववं पान."

"मग तुम्ही नववं पान घ्या. मला शिवायला हात लागतील." त्यांनी चष्मा पिशवीत टाकला. "बावीस मीटर कापड आणलंय."

त्या गेल्यावर नोएलिया बाई म्हणाल्या, "अभिनंदन. असं छापलं तर गोळी कोण घेईल?"

"ज्याला ते शांत महिने हवेत, तो घेईल. असे पुष्कळ असतात."

डॉक्टरांनी सही केली, पण एका अटीवर. दीड ओळीचं ते नाव त्यांनी पानाच्या तळाशी, स्वतःच्या फोटोखाली छापून घेतलं.

फोटो मी लहान केला. चार ओळींना जागा लागत होती.