खाली भरलेली, वर कोरडी

खालच्या टाकीचं झाकण बाजूला सारून वायरमन पोटावर पालथा झाला आणि आत टॉर्च मारली. तळाशी वीतभर पाणी होतं. त्याच्या वर फ्लोट, पाण्याबरोबर वरखाली होणारा स्विच, वायरीला सरळ लोंबत होता. म्हणजे सगळं जिथल्या तिथे होतं, आणि अडचण नेमकी तीच होती.

"पंप गेला ना?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नाही गेला. पाणी नाही म्हणून गप्प बसलाय."

"आणि ते चमकतंय ते काय, तूप?"

"तेवढं राहूच द्यायचं. ओढायच्या पाइपचं तोंड त्यात बुडलेलं आहे. ते उघडं पडलं की पंप हवा ओढणार."

पहिल्या मजल्यावरच्या काकू रिकामा हंडा कमरेवर घेऊनच उभ्या होत्या. "हे ऑटोमॅटिक आपणच बसवलं आणि आपल्यालाच नाही म्हणतंय! आधीच पाण्याची बोंब, त्यात ह्याचे नखरे. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. अरे, ते काढून पंप डायरेक्ट कर की."

"काकू, डायरेक्ट केलं तर पंप जळेल. नळाला पाणी येईल तेव्हा काय कराल?"

"येईल तेव्हा बघू. दोन दिवस झाले, आलंय का?"

वायरमनने झाकण लावलं, कपडे झटकले आणि जिना चढायला लागला. सगळ्यात वरच्या मजल्यावर त्याची बहीण राहत होती.

दाराशीच वास आला. भाऊजींना अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवी बाजू हलत नव्हती. दिवसातून चार-पाच वेळा त्यांच्या खालची चादर बदलावी लागे. पाठीवर कातडी लाल होऊन सुटायला लागली होती. कोरडं आणि स्वच्छ ठेवा, नाहीतर जखम आत जाईल, एवढंच डॉक्टर सांगून गेले होते. न्हाणीघरात मळक्या चादरींचा ढीग पडला होता आणि बादली पालथी होती.

"ये ठिणग्या," भाऊजी अर्ध्या तोंडाने म्हणाले. लहानपणी प्लगमध्ये खिळा घातल्यापासून हेच नाव त्याला चिकटलं होतं. "आमची... अंघोळ... कधी?"

"नळ आला की, भाऊजी."

"ते यंत्र तू बसवलंस ना रे?" ताई म्हणाली. तिच्या हातात प्यायच्या पाण्याचा तांब्या होता, त्यात फडक्याचं टोक बुडवून ती त्यांची मान पुसत होती. "मग तुझंच ऐकत नाही का ते?"

तो हसला. असं कुणी विचारलं की त्याला राहवत नसे. त्याने खिडकीतली औषधाची रिकामी बाटली घेतली, तिला दोरा बांधला आणि न्हाणीघरातली बादली आणून, सुलटी करून तिच्यात सोडली.

"हे बघ. असा एक फ्लोट वरच्या टाकीत, एक खालच्या. वरचा खाली लोंबला की म्हणतो, टाकी रिकामी आहे, पाणी द्या. भरून वर आला की म्हणतो, बास. खालचा उलटा. तो वर तरंगत असला की म्हणतो, पाणी आहे, घ्या. लोंबला की म्हणतो, नाही. दोघांच्या वायरी एकामागे एक जोडल्यात. दोघंही हो म्हणाले तरच पंप चालू. एकाने जरी मान हलवली तरी बंद."

"म्हणजे नवरा-बायकोसारखं."

"त्यांच्यात तरी एकाचं चालतं."

भाऊजींच्या डाव्या गालावर हसू उमटलं. बादलीत पाणी नव्हतं, म्हणून वायरमनने बाटली हातानेच वर उचलली. "आता ह्याला वाटतंय, पाणी भरलंय. कळलं?"

"कळलं," ताई म्हणाली. ती बाटलीकडे बघत होती.

त्या संध्याकाळी पंप सुरू झाला. खालच्या खोलीतून घुर्र आवाज आला आणि साऱ्या इमारतीला हायसं वाटलं. नळ आला असणार, वरची टाकी भरतेय, सकाळी मिळेल. त्या आवाजावर लोक निवांत झोपले. सकाळी नळ सोडले तर थेंब नाही. खाली पंप तापून, अडकून बंद पडला होता आणि खोलीत करपल्याचा वास कोंडला होता.

वायरमन धावत आला. पंपाला हात लावला तर चटका बसला. दांडा हाताने फिरेना. आतली सील करपली होती, प्लास्टिकची चक्री वितळून चिकटली होती. तसं होईपर्यंत स्टार्टरही काही बोलला नसता. कोरडा पंप करंट उलट कमीच घेतो. जास्त घेतला तरच स्टार्टर वीज तोडतो, आणि तेवढा करंट पंपाने दांडा अडकल्यावरच घेतला.

पण खालच्या फ्लोटने पंप थांबवायला हवा होता. त्याने झाकण उचललं.

टाकी काठोकाठ भरली होती. पहाटे नळ आला होता. निळसर, थंड पाणी झाकणापर्यंत हलत होतं, आणि टाकीत उतरायच्या शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीला फ्लोट घट्ट बांधलेला होता. बांधलेली पट्टी फाडलेल्या चादरीची होती. पांढऱ्यावर पिवळी फुलं. काल तीच चादर त्याने भाऊजींच्या अंगाखाली बघितली होती.

लोखंडी झाकण जड होतं. पण रोज नवऱ्याला कुशीवर वळवणाऱ्या हातांना ते जड नसावं.

त्याच्या डोळ्यांसमोर सगळं ओळीने आलं. खालचा म्हणतोय आहे, वरचा म्हणतोय द्या. ओढायच्या पाइपच्या तोंडावरचं चार बोटं पाणी वर गेलं असेल. वरच्या टाकीतून नळांना जाणारा पाइप तळापासून तेवढाच उंच आहे, म्हणजे ते पाणी तळाशीच पडून राहिलं. एक तांब्यासुद्धा कुणाला मिळाला नाही. आणि टाकी भरेना म्हणून वरचा रात्रभर मागत राहिला.

"काय आहे आत?" सेक्रेटरी मागून वाकले.

त्याने गाठ सोडून पट्टी मुठीत घेतली. "काही नाही. फ्लोट अडकला होता."

"अडकला? तू काल तर म्हणालास, पाणी नाही म्हणून पंप गप्प बसलाय."

"म्हणालो होतो."

"बघा!" काकूंनी हंडा खाली आदळला. "मी डायरेक्ट कर म्हटलं तर मला शहाणपण शिकवलं. आता ह्याच्या ऑटोमॅटिकनेच जाळला की नाही पंप? दुसरा कुणीतरी बघा हो सेक्रेटरी, जरा अनुभवी."

त्याने मान खाली घातली. दुकानाला फोन लावला. बदली पंप दुसऱ्या इमारतीवर गेला होता. हा उघडून बघावा लागेल, म्हणाले, परवापर्यंत काही सांगता येत नाही. त्याच्या घरातला छोटा पंप एक मजला कसाबसा चढवतो, चार नाही.

लोक टाकीतून उपसायला बादल्या आणायला गेले. खालच्या मजल्यावरच्यांचं लवकर आटपलं.

तो दोन बादल्या घेऊन चढला. प्रत्येक वळणावर थोडं पाणी सांडत होतं. ताई दारातच उभी होती. त्याच्या मुठीतून डोकावणारं पिवळं फूल तिला दिसलं.

"तळाशी होतं ना रे," ती म्हणाली. "डोळ्यांनी दिसत होतं. कुणाच्याच कामाचं नव्हतं, मला वाटलं..."

"हो."

"तूच दाखवलंस, उचलला की त्याला वाटतं, पाणी आहे."

"हो ताई."

"सांगितलंस का खाली?"

"नाही."

तिने एक बादली उचलून आत नेली. मग तिने भाऊजींना डाव्या कुशीवर वळवलं. पाठीवर काल लाल होतं तिथे आता ओलं आणि उघडं दिसत होतं. तिने फडकं पिळलं, पण लावायला हात धजेना.

"आलं का... पाणी?" भिंतीकडे तोंड करून भाऊजींनी विचारलं.

"आलं," वायरमन म्हणाला. "खाली पुष्कळ आलंय."

दुसरी बादली त्याने चादरींच्या ढिगाजवळ ठेवली. तेवढ्यात एक चादरही भिजली नसती. मग त्याने मोरीतली रिकामी बादली घेतली आणि तो पुन्हा जिना उतरायला लागला.